सिअर केल्यावर पॅन डिग्लेझ करताना गॅस कधी किती ठेवायचा

प्रश्न: स्टीलच्या पॅनमधे चिकन मस्त सिअर होतं, पण मग स्टॉक घालून सॉस करायला गेले की कधी कडू होतो, कधी पाणचट राहतो आणि बटर घातलं की वर तेल तरंगतं. गॅस नक्की किती ठेवायचा आणि किती वेळ?

उत्तर:

आधी थोडक्यात सांगतो मग एकेक करून बघू. चिकन पॅनमधून काढायच्या आधी गॅस बंद. स्टॉक पडला की गॅस मोठा. बटर घालायच्या आधी गॅस परत बंद. बहुतेक जण ह्याच्या उलट करतात, म्हणजे चिकन काढताना गॅस तसाच ढणढणत असतो, स्टॉक घातल्यावर घाबरून बारीक करतात आणि बटर उकळत्या सॉसमधे टाकतात. तुमचे तीनही प्रॉब्लेम बहुतेक ह्याच तीन जागांवर आहेत.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरून चालू. २८ सेंटीमीटरचा जाड बुडाचा स्टील पॅन, हाडाशिवाय पण कातडीसकट चिकन थायचे चार पीस, सगळे मिळून साधारण ५०० ग्रॅम. कोरडे पुसून, मीठ लावून, चमचाभर तेलात कातडीची बाजू खाली ठेवून मध्यम आचेवर ८-१० मिनिटं, मग उलटून ४-५ मिनिटं, आतलं तापमान किमान ७४ डिग्री सेल्सियस झालं की काढायचे. ह्या वेळात पॅनच्या तळाला एक तपकिरी थर बसतो ज्याला किचनमधे फाँड म्हणतात. मांसातून बाहेर आलेला रस आटून, त्यातले प्रोटीन आणि साखर तापून जे तयार होतं ते हे. स्टॉक घालून हा थर तळावरून सोडवणं म्हणजेच डिग्लेझ करणं. सॉसची सगळी चव ह्यात आहे, बाकी स्टॉक बटर वगैरे त्याला पातळ करून ताटापर्यंत आणण्यासाठी.

आता कडूपणाबद्दल, कारण तो एकदा आला की जात नाही.

चिकन पॅनमधे असेपर्यंत त्यातून सतत पाणी सुटत असतं आणि ते पाणी वाफ होताना पॅनची बरीचशी उष्णता घेऊन जातं. म्हणजे मोठ्या गॅसवर असूनसुद्धा चिकनखालचा पॅन एका मर्यादेत राहतो. ज्या क्षणाला तुम्ही चिमट्याने शेवटचा पीस उचलता त्या क्षणाला ही उष्णता घेणारं काहीच उरत नाही, गॅस मात्र तेवढाच असतो, आणि पॅनचं तापमान सरसर चढायला लागतं. फाँडचा थर पातळ असतो आणि आधीच भाजलेला असतो त्यामुळे तो करपायला फार वेळ लागत नाही, मोठ्या गॅसवर अर्ध्या मिनिटात चांगल्या तपकिरीचा काळा होतो. आणि नेमकं त्याच अर्ध्या मिनिटात आपण काय करत असतो, तर चिकन ताटात नीट लावतोय, कांदा चिरायचा राहिलाय तो चिरतोय, स्टॉकचं झाकण उघडतोय. चिकनला छान रंग आला होता तरी सॉस कडू का झाला असं जेव्हा कोणी विचारतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा हेच झालेलं असतं. सिअरिंग चुकलेलं नसतं, चिकन काढल्यानंतरचा मोकळा वेळ नडतो.

म्हणून माझ्याकडे किचनमधे जे नवीन शिकायला येतात त्यांना मी सॉस शिकवायच्या आधी ही एकच सवय लावतो: आधी हात गॅसच्या बटणावर, मग चिमट्यावर. आणि कांदा चिरलेला, स्टॉक मोजलेला, बटर कापून फ्रिजमधे, हे सगळं चिकन पॅनमधे पडायच्या आधी. पुढचा सगळा खेळ थोड्याच मिनिटांचा आहे, त्यात शोधाशोध करायला जागा नाही.

गॅस बंद करून चिकन काढलं की फाँडकडे नीट बघा, दोन सेकंद द्या त्याला. तेल बाजूला झालं पाहिजे म्हणजे तळ दिसतो, पॅन थोडा तिरका करा. सोनेरी ते गडद तपकिरी असेल तर उत्तम. काळपट चॉकलेटी असेल तर काठावर आहे, चालेल पण आता एक सेकंदही जास्त आच नको. पूर्ण काळा आणि वास जळका, तर तो थर वापरायचा नाही. अडचण अशी की मधल्या रंगात डोळ्यांना खात्री होत नाही, त्यात किचनमधला लाईट पिवळा असेल तर विचारूच नका. अशा वेळी एक छोटी टेस्ट करा. पॅन गरम असतानाच एका कोपऱ्यात चमचाभर पाणी टाका, लाकडी उलथन्याने तेवढीच जागा खरवडा आणि ते तपकिरी पाणी चमच्यात घेऊन, फुंकून, चाखून बघा. खमंग, थोडं गोडसर, भाजल्यासारखं लागलं तर पुढे जा. जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा रेंगाळला तर थांबा, कारण हे पाणी आता जेवढं कडू आहे त्यापेक्षा आटवल्यावर जास्त कडू होणार आहे, आणि बटर लिंबू साखर काहीही घातलंत तरी ते झाकलं जात नाही. पॅन धुवून दुसऱ्या भांड्यात नुसत्या स्टॉकचा साधा सॉस करा, चिकनची चव वाचते.

कधी कधी असं होतं की चिकन होतं त्या जागा छान तपकिरी असतात आणि मधले मोकळे पट्टे काळे. ह्याचं कारण तेच, जिथे मांस नव्हतं तिथे उष्णता घ्यायला कोणी नव्हतं, आणि उडालेले रसाचे थेंब तिथे जळले. टिशू पेपरची घडी चिमट्यात धरून तेवढा काळा भाग पुसून काढता येतो, बाकीचा वापरता येतो. पण मूळ इलाज पॅनच्या मापात आहे, मांसाने तळाचा निम्म्याहून बराच जास्त भाग झाकला पाहिजे. दोनच पीस असतील तर २८ चा पॅन नका घेऊ, २० किंवा २४ चा घ्या. आणि उलट बाजूने, इतकेही खेटून ठेवू नका की वाफ कोंडून चिकन शिजेल पण भाजणारच नाही, कारण मग तळाला फाँडच बसत नाही आणि डिग्लेझ करायला काही उरत नाही. पावडर मसाले किंवा मध-साखर लावलेलं मॅरिनेड असेल तर ते मांसाच्या आधी जळतं, असं चिकन ह्या पद्धतीच्या सॉससाठी मी घेतच नाही.

पुढची पायरी तेल. कातडीसकट थायमधून भरपूर चरबी सुटते, दोन-तीन टेबलस्पून सहज. ही सगळी पॅनमधे राहिली तर तुमचा सॉस सुरुवातीपासूनच तेलकट आहे, वरून बटर घालणार म्हणजे तेल तरंगणारच. पॅन तिरका करून एका स्टीलच्या वाटीत चरबी ओता, साधारण एक टेबलस्पून मागे राहू द्या. ओतताना खाली तपकिरी रस दिसला तर तो जाऊ देऊ नका, फक्त वरची चरबी. आणि हे गॅस बंद असतानाच करा, पॅनच्या बाहेरून ओघळलेली चरबी आचेवर पडली तर भडका उडतो.

एवढं होईपर्यंत पॅन आपोआप जरा निवलेला असतो. जाड बुडाचा पॅन मिनिट-दीड मिनिट सहज उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आता बारीक चिरलेला कांदा, दोन टेबलस्पून, गॅस बंद ठेवूनच टाका. आवाज ऐका. हलकी चरचर आली तर बरोबर आहे, मग मंद ते मध्यम गॅस लावा. जोरात तडतडून कडेने लगेच रंग यायला लागला तर पॅन अजून खूप गरम आहे, अर्धा मिनिट तसाच हलवत राहा. आवाजच आला नाही तर गॅस लावा. कांद्यातलं पाणी सुटायला लागलं की ते फाँडला सोडवायला लागतं, तळावरून उलथनं फिरवलं की कांदा तपकिरी होताना दिसेल, तो रंग कांद्याचा नाही तर फाँडचा आहे. साधारण एक मिनिट, कांदा मऊ आणि पारदर्शक झाला की पुरे. लसूण घालायचा असेल तर अगदी शेवटी, १५-२० सेकंद, नाहीतर तो जळतो आणि कडूपणाची दुसरी वाट उघडते.

आता स्टॉक. २०० मिली मोजून ठेवलेला, मिठाशिवायचा किंवा अगदी कमी मिठाचा, आणि कोमट. फ्रिजमधला गार स्टॉक तापलेल्या पॅनमधे एकदम ओतला तर पातळ पॅनचा बूड वाकतो, मग तो शेगडीवर सपाट बसतच नाही. जाड पॅनला सहसा काही होत नाही पण सगळं एकदम थंड पडून उकळी यायला उगाच वेळ जातो. काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात तर हा प्रयोग करूच नका, तडकू शकतं.

सगळा स्टॉक एकदम न ओतता आधी अंदाजे पाव भाग घाला आणि लगेच गॅस मोठा करा. चुर्र आवाज येऊन वाफेचा लोट उठतो, चेहरा बाजूला ठेवा. हा आवाज फार उपयोगाचा आहे. स्टॉक पडल्या पडल्या उकळायला लागला पण थेंब बाहेर उडाले नाहीत तर पॅन अगदी योग्य होता. स्टॉक फुटाण्यासारखा सगळीकडे उडाला तर पॅन जास्त गरम होता, पुढच्या वेळी अजून निवू द्या. नुसताच शांत पडून राहिला तर पॅन गार झाला होता, त्याने काही बिघडत नाही, उकळी यायला थोडा वेळ लागेल इतकंच. ह्यावरून तुमच्या लक्षात येईल की पॅन गार असण्याची चूक फुकटात सुटते आणि गरम असण्याची चूक महागात पडते. शंका असली की गारच्या बाजूला राहा.

आता चपट्या टोकाच्या लाकडी उलथन्याने तळ खरवडा. ताकद लावू नका. फाँड पाण्यात विरघळणारा असतो, उकळतं पाणी त्याच्याखाली शिरलं की तो स्वतःच सुटतो, आपण फक्त उलथनं फिरवून त्याला मदत करतो. वीस-तीस सेकंदात तळ जवळपास चकचकीत दिसायला लागतो. एखादा डाग दोन-तीन वेळा फिरवूनही हलत नसेल तर तो सोडून द्या, तो बहुतेक जळलेला आहे आणि सॉसमधे न आलेलाच बरा. कडेने पॅनच्या भिंतीवर जी तपकिरी रेघ असते ती विसरू नका, उलथनं ओलं करून तिथेही फिरवा, चव आहे त्यात.

पाव भाग आधी का घातला, तर कमी पाण्यात खरवडताना तळ दिसतो, काय सुटलं काय नाही ते कळतं. झालं की उरलेला स्टॉक ओता आणि गॅस मोठाच ठेवा.

वाइन वापरत असाल तर स्टॉकच्या आधी, ८०-१०० मिली, आणि ओतताना गॅस पूर्ण बंद, बाटलीतून थेट नाही तर कपात मोजून. अल्कोहोलची वाफ उघड्या ज्योतीवर पेट घेते. मग गॅस लावून ती जवळपास कोरडी होईपर्यंत आटवा, म्हणजे तळाला दोन चमचे सिरपसारखं काही उरलं पाहिजे, मग स्टॉक. वाइन अर्धवट आटवून स्टॉक घातला तर शेवटपर्यंत एक कच्चा आंबटपणा राहतो. वाइन नको असेल तर काहीच अडत नाही, आंबटपणा शेवटी लिंबाने किंवा व्हिनेगरने आणता येतो.

आता पाणचटपणा. इथे लोक घाई करतात, किंवा खरं सांगायचं तर भितात. मोठ्या गॅसवर जोरात उकळणारा सॉस बघून वाटतं की आता जळेल, म्हणून गॅस बारीक करतात, मग दहा मिनिटं झाली तरी तो आटत नाही आणि तोपर्यंत चिकन गार झालेलं असतं म्हणून तसाच पातळ ओततात. पण पॅनमधे पाणी आहे तोपर्यंत सॉस १०० डिग्रीच्या फार वर जाऊच शकत नाही, म्हणजे ह्या टप्प्यात करपण्याची भीती जवळपास नाहीच. बिनधास्त मोठा गॅस ठेवा. भीती आहे ती अगदी शेवटी, पाणी संपत आल्यावर.

२०० मिली आटून साधारण ७० मिली राहिलं पाहिजे, म्हणजे एक तृतीयांश. २८ च्या पॅनमधे मोठ्या बर्नरवर ह्याला चार-पाच मिनिटं लागतात, छोट्या बर्नरवर सात-आठ. मिनिटांवर फार विसंबू नका कारण प्रत्येकाची शेगडी वेगळी, बुडबुडे बघा. सुरुवातीला बुडबुडे बारीक, भराभर, पांढरट फेसासारखे असतात. मग ते मोठे होतात, थोडे आळशी होतात, त्यांच्या कडा चमकायला लागतात आणि आवाज जाड होतो, खळखळीची बुडबुड होते. हा बदल झाला की लक्ष हटवू नका, इथून पुढचा मिनिट निर्णायक. तळावरून उलथनं ओढा. मागची वाट लगेच मिटली तर अजून थांबा. एखादा सेकंद पॅनचा तळ दिसून मग सॉस सावकाश परत मिळाला तर झालं. वाट उघडीच राहिली आणि कडेने तेलाचे थेंब वेगळे दिसायला लागले तर जास्त आटलंय, दोन चमचे पाणी घाला आणि परत तिथेच या. पहिल्या काही वेळा शंका वाटली तर सरळ मापाच्या कपात ओतून बघा ना, ७० मिली पॅनमधे कसं दिसतं हे एकदा डोळ्यांना कळलं की परत मोजायची गरज पडत नाही.

मिठाचं का म्हटलं ते आता कळेल. २०० चं ७० झालं म्हणजे जवळपास तिप्पट दाट, आणि मीठ उडून जात नाही, ते सगळं त्या ७० मिलीत जमा होतं. क्यूबचा किंवा पाकिटातला नॉर्मल खारा स्टॉक, जो प्यायला बरोबर लागतो, तो आटवल्यावर तोंडात धरवत नाही. त्यात फाँडमधे चिकनला लावलेलं मीठ आधीच आहे. तुमच्याकडे खाराच स्टॉक असेल तर निम्मा स्टॉक निम्मं पाणी घ्या आणि मीठ अजिबात घालू नका.

आणि एक गोष्ट, बरोबर आटवूनही सॉस पाण्यासारखाच वाटतो, चिकनवर न थांबता खाली पळतो, असं होत असेल तर दोष स्टॉकचा असतो. हाडं-कातडी बराच वेळ उकळून केलेल्या स्टॉकमधे जिलेटिन असतं, त्यानेच सॉसला तो किंचित चिकट दाटपणा येतो जो ओठांना जाणवतो. घरचा चांगला स्टॉक फ्रिजमधे जेलीसारखा थरथरतो तो त्यामुळे. पाकिटातल्या स्टॉकमधे हे बहुतेक नसतंच, क्यूबमधे तर नाहीच, मग तुम्ही कितीही आटवा तो फक्त खारट होत जातो, दाट होत नाही. उपाय सोपा आहे, बिनचवीची जिलेटिन पावडर, २०० मिली गार स्टॉकवर एक टीस्पून भुरभुरून पाच मिनिटं फुगू द्यायची, मग तो स्टॉक कोमट करून वापरायचा. फरक एकदा बघाल तर पाकिटाच्या स्टॉकबरोबर कायम वापराल. काही जण मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालतात, दाट होतो पण चव दबते आणि सॉस धुरकट दिसतो, इतक्या छोट्या सॉसला मला ते आवडत नाही.

सॉस आटत असताना तिकडे ताटात चिकनखाली रस जमा झालेला असतो. तो टाकू नका, पॅनमधे घाला, पण बटरच्या आधी. तो पातळ असतो त्यामुळे सॉस परत सैल होतो, अर्धा मिनिट उकळून परत त्या उलथन्याच्या वाटेवर आणा. बटर घातल्यानंतर हा रस ओतलात तर मग उकळता येत नाही आणि पातळपणा तसाच राहतो.

आता बटर, इथे सगळ्यात जास्त सॉस हातातून जातात.

बटर म्हणजे नुसती चरबी नाही, त्यात साधारण ८० टक्के चरबी, बाकी बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो, आणि हे सगळं एकमेकांत बांधलेलं असतं. गार बटर हळूहळू वितळत सॉसमधे गेलं तर चरबीचे अगदी बारीक थेंब पाण्यात पसरून राहतात आणि सॉस दाट, चमकदार, किंचित मलईसारखा होतो. तेच बटर उकळत्या सॉसमधे टाकलं तर ते हलवायच्या आधीच वितळून जातं, थेंब एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि वर तेलाचा तवंग येतो. म्हणून दोन अटी, बटर फ्रिजमधून काढलेलं गार पाहिजे आणि सॉस उकळीच्या खाली पाहिजे.

करायचं असं. सॉस ७० मिलीवर आला की गॅस बंद करा, पॅन बर्नरवरून उचलून बाजूला ठेवा आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत वाट बघा. जाड पॅनमधे ह्याला २०-३० सेकंद लागतात कारण गॅस बंद झाला तरी पॅनची धग सॉस उकळत ठेवते, आणि हेच कारण आहे की गॅस तर बंद केला होता तरी बटर फुटलं असं होतं. बुडबुडे थांबले, वाफ अजून येतेय, ही वेळ. २५-३० ग्रॅम बटर, छोटे चौकोनी तुकडे, आधी निम्मे टाका आणि पॅन गोल गोल फिरवत राहा किंवा विस्कने हलवत राहा. तुकडे मऊ होऊन कडेकडेने सॉसमधे मिसळत गेले पाहिजेत, पिवळं तेल होऊन तरंगायला नकोत. ते दिसेनासे होत आले की उरलेले टाका. पूर्ण एक मिनिटही लागत नाही. मधेच पॅन फार गार झाला आणि तुकडे तसेच पडून राहिले तर अगदी मंद गॅसवर पाच सेकंद धरा आणि परत बाजूला घ्या, पण फिरवणं थांबवायचं नाही.

कोणाच्या डोक्यात येतं की जास्त बटर म्हणजे जास्त छान. ७० मिलीला ३० ग्रॅमपर्यंत व्यवस्थित धरतं, त्याच्या बरंच वर गेलात तर थेंबांना पसरायला पाणी पुरत नाही आणि कितीही सांभाळून केलं तरी सुटतं. जास्त आटवलेल्या सॉसमधे बटर फुटतं त्याचं कारणही हेच, पाणीच उरलेलं नसतं.

आणि फुटलंच तर टाकून देऊ नका. एक टेबलस्पून गार पाणी घाला, गॅस बंद, आणि विस्कने जोरात फेटा. बहुतेक वेळा दहा-पंधरा सेकंदात परत एकजीव होतो, कारण पाण्याने तापमानही उतरतं आणि थेंबांना जागाही मिळते. चव किंचित सौम्य होते एवढंच. एकदा बटर घातल्यावर हा सॉस परत गरम करायला उकळू नका आणि झाकून ठेवू नका, तो लगेच वाढायचा सॉस आहे. उशीर होणारच असेल तर ७० मिलीवर आटवून तसाच ठेवा, वाढायच्या वेळी गरम करून तेव्हा बटर घाला.

क्रीम घालणार असाल तर गणित वेगळं. जास्त फॅटचं क्रीम, ३५ टक्क्यांच्या आसपासचं, उकळलेलं चालतं, ते स्टॉक निम्मा आटल्यावर घालून एकत्र आटवा, बटर मग नावाला घातलं तरी पुरे. कमी फॅटचं क्रीम आंबटाबरोबर उकळलं तर दाणेदार फाटतं.

बटर एकजीव झालं की चाखा. आता एक टीस्पून लिंबाचा रस, परत चाखा, मीठ लागलंच तर आत्ता, मिरपूड आत्ता. लिंबू आधी घालून आटवलंत तर त्याचा ताजेपणा उडून नुसता आंबटपणा राहतो. बारीक चिरलेली पार्सली किंवा दुसरा कुठला हिरवा पाला असेल तर तोही आत्ताच.

भांड्यांबद्दल दोन शब्द. नॉनस्टिकमधे फाँड जवळपास बसतच नाही, त्यात डिग्लेझ करून फारसं काही हाती लागत नाही. कास्ट आयर्नमधे फाँड उत्तम बसतो पण काळ्या तळावर रंग कळत नाही, तिथे ती चमचाभर पाण्याची टेस्ट दर वेळी करा, आणि वाइन किंवा व्हिनेगर त्यात जास्त वेळ उकळू नका, त्याने पॅनचा तेलाचा थर उतरतो आणि सॉसला लोखंडी चव येते. शिवाय कास्ट आयर्न इतका वेळ धग धरतो की बटरसाठी सॉस दुसऱ्या छोट्या भांड्यात ओतून घेणंच बरं. इंडक्शनवर आच लगेच थांबते पण पॅनची स्वतःची उष्णता राहतेच, आणि कॉइलच्या शेगडीवर नुसतं बटण बंद करून काही होत नाही, प्रत्येक ठिकाणी जिथे मी गॅस बंद म्हटलंय तिथे पॅन उचलून बाजूलाच ठेवावा लागतो.

वाढताना सॉस चिकनच्या वरून ओतू नका, इतक्या मेहनतीने कुरकुरीत केलेली कातडी दोन मिनिटांत मऊ पडते. आधी प्लेटमधे सॉस घाला, त्यावर चिकन, कातडीची बाजू वर.